घरचा गणपती घरचाच, हे आईला सगळ्यात आधी लिही

ताई, मी मालवण तालुक्यातला, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी करतो. बायको आणि सहा वर्षांची मुलगी इथेच आहेत. बाबा गेल्यापासून घरच्या गणपतीची पूजा मी करतो, त्यासाठी दरवर्षी एकटा गावी येतो. यंदा 10 ऑक्टोबरला माझा व्हिसा संपतोय. मुदतवाढीचा अर्ज ऑगस्टच्या शेवटी जाईल, आणि अर्ज पेंडिंग असताना देश सोडला तर अर्जच रद्द धरतात. खरं सांगायचं तर मुलीसोबत एकदा तरी सण करावा असंही मनात आहे, आणि तिला सप्टेंबरात शाळेतून सुट्टी मिळत नाही. फोनवर आईला एवढंच म्हटलं की यंदा आम्ही इथेच गणपती बसवतो. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "हाड बाबा. तुझा घर, तुझो गणपती." आण म्हणाली खरी, पण तेव्हापासून हवापाण्याचंच बोलते. काका शेजारीच राहतात, त्यांचा गणपती दहा-बारा वर्षांपूर्वी वेगळा झाला. आईला नीट पत्र लिहायचं ठरवलंय पण दोन ओळींच्या पुढे जात नाही. काय लिहू?

---

अरे, आईने तुला उत्तर दिलंय की, तू ते व्हिसाच्या टेन्शनमध्ये ऐकलं नाहीस एवढंच. तू काकांचं शेवटी सहज लिहून टाकलंयस पण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. आपल्याकडे गणपती वेगळा झाला म्हणजे चूल वेगळी झाली, वाटण्या झाल्या, हे वाडीतल्या लहान पोरालाही कळतं. ज्या वर्षी काकांनी पहिल्यांदा वेगळी मूर्ती आणली त्या वर्षी तुझ्या आईने ते एकाच अंगणातून बघितलंय, एका घरात आरती चालू असताना भिंतीपलीकडे दुसरी आरती ऐकलीय, आणि मग तुझे बाबा गेले. अशा बाईला मुलगा फोनवर म्हणतो की आम्ही इथे गणपती बसवतो. तिने त्याचा अर्थ काय घेतला असेल? मुलगा वेगळा झाला, हाच. त्यात परत एकदा आणलेला गणपती मध्येच बंद करत नाहीत ही समजूत आहेच, म्हणजे तिच्या हिशोबात तू एका वर्षाचं बोललाच नाहीस, कायमचं बोललास.

म्हणून पत्राची सुरुवात व्हिसाने करू नकोस, आणि "तू कशी आहेस, मी बरा आहे" करत दुसऱ्या पानापर्यंतही जाऊ नकोस. पहिल्या परिच्छेदात हा गैरसमज काढ. पण त्याआधी तू स्वतः ठरव की लेस्टरला नेमकं काय करणार आहेस, कारण "गणपती बसवतो" हे तू सवयीने बोलून गेलास असं मला वाटतं.

माझं मत विचारशील तर यंदा पार्थिव मूर्ती आणू नकोस. बेलग्रेव्ह रोडवर पूजेचं सगळं सामान मिळतं, मोह होईल, मुलगी तर दुकानातच हट्ट धरेल, तरी नको. देवघरात धातूचा लहान गणपती असेलच, तो पाटावर घे, दूर्वा-फूल वाहा, मोदकांचा नैवेद्य दाखव, सकाळ-संध्याकाळ आरती करा. नवी मूर्ती नाही, प्राणप्रतिष्ठा नाही, त्यामुळे विसर्जनही नाही, आणि पुढच्या वर्षी गावी आलात तर मागे काही अडकून राहत नाही. शास्त्राने वेगळ्या घरात वेगळा गणपती चालतो असं सांगणारे भेटतील, ते चूकही नाहीत, पण तुझा प्रश्न शास्त्राचा नाहीये, आईचा आहे. पुढे कधी तिकडे मूर्ती आणावीशी वाटली तर ती गोष्ट आईसोबत बसून ठरव, ती स्वतः आणा म्हणाली तर आणा.

आणि पत्र घरच्या भाषेत लिही. तू आईशी मालवणीत बोलतोस आणि पत्र मात्र शाळेतल्या निबंधासारखं लिहिलंस तर तिला वाटेल कुणीतरी सांगून लिहून घेतलंय. सुरुवात साधारण अशी होऊ शकते, शब्द तुझे घाल:

"आये, ह्या वर्सा माका गणपतीक येवक जमाचा नाय. पण आधी एक सांगतंय. घरचो गणपती घरचोच. मी हय येगळो गणपती हाडूचंय नाय. देव्हाऱ्यातल्या गणपतीची पूजा करतलंव, आरती करतलंव, मोदक करतलंव, तितक्याच. त्या दिवशी मी फोनवर बोललंय ता नीट बोलाक येवक नाय."

एवढं वाचलं की पुढचं ती शांतपणे वाचेल.

आता व्हिसा. इथे तुला बरंच समजावावंसं वाटेल पण आईला फॉर्मची नावं नकोत, तिला दोन प्रश्न पडणार आहेत. एक, आलास तर काय होईल? दुसरा, मग आधीच का नाही उरकलंस? पहिल्याचं उत्तर सरळ लिही, की अर्ज केल्यावर निकाल येईपर्यंत मी इथे राहून काम करू शकतो, पण त्या काळात देशाबाहेर पाय ठेवला तर अर्ज मागे घेतला असं धरतात, मग नोकरी आणि तिघांचं इथलं राहणं दोन्ही अडचणीत येतं. बस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधी तू स्वतःला दे. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुझ्या बाबतीत 10 जुलैपासून. मग ऑगस्टची अखेर का? कंपनीकडून स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट त्याआधी मिळत नाही असं असेल तर एचआरला एकदा ईमेलवर स्पष्ट विचार की जुलैत देता येईल का. साध्या अर्जाला साधारण आठ आठवडे लागू शकतात, पण जास्तीची फी भरून पाच कामाच्या दिवसांत निकाल देणारी प्रायॉरिटी सर्व्हिस आहे, मिळेलच असं नाही, पण विचारून तर बघ. जुलैत सर्टिफिकेट आणि प्रायॉरिटी दोन्ही जमलं तर तुझं न येण्याचं हे कारणच उरत नाही, आणि तू ते करून बघितलंस की नाही हे आई तुला एका प्रश्नात पकडेल. कंपनी नाही म्हणाली तर तेही पत्रात लिही, "मी जुलैत दिया म्हणान इचारलंय, ते नाय म्हणाले." म्हणजे तू प्रयत्न केलास हे तिला कळेल.

एक गोष्ट मात्र अजिबात लिहू नकोस, "बघतो, जमलं तर येईन." तुला ते मायेचं वाटतं, पण आईसाठी ते फार त्रासाचं आहे. ती त्या अर्ध्या वाक्यावर सगळं थांबवून ठेवेल, पूजेला कोण बसणार हे कुणाला विचारणार नाही, तुझी खोली झाडून ठेवेल, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचं लक्ष पाणंदीकडे असेल. एचआरचं उत्तर आलं की हो किंवा नाही ठरव आणि तेच लिही.

आता जे तू मला लिहिलंस आणि आईला लिहायला घाबरतोयस ते. मुलीची शाळा. तुला वाटतंय व्हिसाचं कारण भक्कम आहे, त्याच्या आड हे दुसरं झाकलं जाईल, यंदा जाईल रे, पण पुढच्या वर्षी? व्हिसा एकदा झाला की झाला, शाळा मात्र दर सप्टेंबरला उघडणारच. यंदा फक्त व्हिसा सांगितलास तर आई समजेल पुढच्या वर्षीपासून सगळं पूर्ववत, आणि पुढच्या वर्षी तू शाळा काढलीस की तिला यंदाचा व्हिसाही खोटा वाटायला लागेल. त्यापेक्षा दोन्ही आत्ताच सांग.

आणि हे सांगायला तुझ्याकडे फार चांगली गोष्ट आहे, पंचांग! आईला टर्म, हाफ टर्म सांगून उपयोग नाही पण अधिक महिना तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतो. गेल्या वर्षी चतुर्थी 27 ऑगस्टला होती, यंदा अधिक ज्येष्ठ आला म्हणून ती थेट 14 सप्टेंबरला गेली. तिकडच्या शाळा जुलैत बंद होतात आणि ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, म्हणजे यंदा शाळा नुकतीच सुरू झालेली असताना सण येतोय. सणासाठी आठवडा-दोन आठवडे परदेशी जायचं तर शाळा सहसा परवानगी देत नाही, परवानगीशिवाय पाच दिवस बुडाले की आई-बाप दोघांना वेगवेगळा दंड होऊ शकतो. पण पुढे बघ. 2027 ला चतुर्थी 4 सप्टेंबरला आहे, शनिवार. तेव्हाही शाळा नुकतीच उघडलेली असेल, त्यामुळे तिघांचं कठीण, पण व्हिसा हातात असल्यामुळे तू एकटा येऊ शकतोस. आणि 2028 ला चतुर्थी 23 ऑगस्टला आहे, भर सुट्टीत! त्या वर्षी सून आणि नात दोघींना घेऊन चांगले तीन आठवडे राहता येईल, गौरी-गणपती सगळं होईल. त्यानंतर 2029 ला परत अधिक महिन्यामुळे 11 सप्टेंबर.

हे तू आईला असंच लिही, तारखांसकट. "पुढच्या वर्षी नक्की" हे वाक्य गावातल्या प्रत्येक आईने चाकरमान्यांकडून ऐकलेलं आहे, त्यावर कुणी विसंबत नाही. पण "2027 क मी एकटो, 2028 क आमी तिगाय" असं लिहिलंस आणि शेजारी चतुर्थीच्या तारखा घातल्यास तर ती कालनिर्णय मिळेल तेव्हा ताडून बघेल, आणि नातीच्या पहिल्या गणपतीची तयारी आतापासून तिच्या डोक्यात सुरू होईल. फक्त जे पाळणार तेच लिही. बायकोशी आधी बोल, तिच्या रजेचं बघ, मगच 2028 चा शब्द दे.

आता राहिलं घरचं, आणि माझ्या मते पत्रातला सगळ्यात मोठा भाग हाच हवा. कारण आईच्या समोरचा प्रश्न मुलगा येत नाही इतकाच नाहीये, घरात पूजेला कोण बसणार हा आहे. तू आजवर येऊन काय काय करायचास ते एकदा कागदावर काढ, तुला स्वतःला आश्चर्य वाटेल. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पाट नेऊन द्यायचा, आदल्या दिवशी मूर्ती घरी आणायची, माटवी बांधायची, त्यासाठी कवंडळं, हरणं, आंब्याचे टाळ, शिपटं जमवायची, चतुर्थीला पूजेला बसायचं, रात्री भजनी मंडळ आलं की त्यांच्या चहा-उसळीचं बघायचं, आणि विसर्जनाला व्हाळावर मूर्ती न्यायची. यातलं सामान जमवणं आई वाडीतल्या पोरांकडून करून घेईल, भजनाच्या दिवशी शेजारणी येतातच. अडतं ते पूजेला आणि मूर्तीच्या ने-आणीला.

पूजेसाठी तुझ्याच कुळातला कोणीही बसू शकतो. काकांचा मुलगा मुंबईहून येतो ना? त्याला तू विचार, आईला विचारायला लावू नकोस. काकांकडे मान खाली घालून जाणं तिला किती जड जाईल हे तुला माहीत आहे. तू स्वतः काकांना फोन कर, नीट "काकानू, यंदा आमच्याकडची पूजा दादा करीत काय" असं विचार. भटजी तसेही त्या दिवशी घराघरात फिरत असतात, त्यांना सांगून काकांकडची पूजा आधी आणि आपली नंतर अशी वेळ लावून घेता येते. आणि आणखी एक, आई म्हणाली की मीच बसते, तर तिला बसू दे. नवरा गेलेल्या बाईने पूजेला बसू नये असं कुणी म्हणालं तर तू तिच्या बाजूने उभा राहा, भटजींशी आधीच बोलून ठेव. तो निर्णय तिचा आहे, पत्रात तिला हा पर्याय आहे एवढं लिही, आग्रह करू नकोस.

हे सगळं लवकर का? चुलतभावाला यायचं तर गाडीचं तिकीट लागणार. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं. चतुर्थी सोमवारी आहे, म्हणजे मुंबईहून लोक शनिवारी 12 सप्टेंबरलाच निघणार, त्या तारखेचं बुकिंग 14 जुलैला उघडेल आणि कोकणच्या गाड्या किती मिनिटांत वेटिंगला जातात हे तुला नव्याने सांगायला नको. स्पेशल गाड्या सोडतात पण त्यांच्या भरवशावर घरची पूजा ठेवायची नसते. तेव्हा काकांशी बोलणं, भावाशी बोलणं, आणि आईला पत्र, हे सगळं जुलैच्या पहिल्या आठवड्यात झालं पाहिजे. पाटही साधारण नागपंचमीच्या आधी गणपतीच्या शाळेत पोचलेला बरा, तो कोण नेणार हेही लिही.

पैशाचं एकच सांगते. मूर्ती, भटजींची दक्षिणा, भजनाचा खर्च हे तू दरवर्षी करतोस तसंच कर, पण पत्रात आकडा लिहू नकोस, न येण्याची भरपाई दिल्यासारखं वाचलं जातं. गुपचूप खात्यात टाक.

मग गाऱ्हाणं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पूजा झाल्यावर जो कोणी मोठा माणूस गाऱ्हाणं घालेल तो घरातल्या, मुंबैतल्या, परगावच्या सगळ्यांचं देवाला सांगतोच, आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. पत्रात लिही, "गाऱ्हाणा घालताना माझा, तिचा नि चेडवाचा नाव घेवक सांग." म्हणजे तू घराच्या बाहेर नाहीस हे गणपतीसमोर, चार माणसांत, मोठ्याने बोललं जाईल. तुझ्या आईला हे व्हिसाच्या दहा कागदांपेक्षा जास्त पटेल. त्या वेळी फोनवर असायचा प्रयत्न कर. सप्टेंबरात इंग्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, गावी सकाळी साडेदहाला पूजा झाली तर तुझ्याकडे सहा वाजलेले असतील, कामावर जाण्याआधी मुलीला उठवून बसता येईल. संध्याकाळी साडेसातची आरती तुझ्याकडे दुपारी तीनला येते, सोमवार आहे, ती चुकेल, तेव्हा सकाळचंच ठरव. फोन आईच्या हातात नको, तिला त्या दिवशी श्वास घ्यायला वेळ नसतो, भावाच्या मोबाईलवर कर आणि पावसाने रेंज गेली तर परत परत लावत बसू नका.

आणि मोदक. हे आईला विचारायलाच हवं कारण तिकडचं तांदळाचं पीठ आपल्या घरच्या पिठासारखं नसतं, पुष्कळदा भरड असतं, उकड चिरते आणि कळ्या पाडताना फाटते. पीठ बारीक चाळून घे, जेवढं पीठ तेवढं पाणी हे धरून सुरू कर आणि उकड गरम असतानाच मळ. फ्रोझन खोबरं वापरणार असशील तर ते पूर्ण सुटू दे आणि हाताने दाबून पाणी काढ, नाहीतर गुळात शिजताना सारण पातळ होतं आणि मोदक खालून फुटतात. पण हे मी सांगितलेलं राहू दे, तू आईला तिचं माप विचार, मीठ किती, तेल कधी घालते, हळदीचं पान नसेल तर काय करायचं. ती फोन करून सांगेल, आणि तो फोन हवापाण्याचा नसेल.

ती काहीतरी पाठवते म्हणेल, तेव्हा आधीच लिहून ठेव की खवा, पेढे, तूप असलं दुधाचं काही पाठवू नकोस, भारतातून दुधाचे पदार्थ बॅगेतून किंवा पार्सलने ब्रिटनमध्ये आणायला परवानगी नाही, जप्त करतात. नाहीतर बिचारी उन्हातान्हात मालवणला जाऊन पेढे घेऊन येईल.

पत्र हाताने लिही. पोस्टाने जायला वेळ लागतो आणि पावसात आणखी उशीर होतो, म्हणून पोस्टात टाक पण त्याच दिवशी पानांचे स्वच्छ फोटो काढून आईच्या स्वतःच्या मोबाईलवर पाठव. काकांच्या किंवा भावाच्या फोनवर नको, हे तिने सगळ्यात आधी आणि एकटीने वाचायला हवं. अक्षर मोठं काढ, एका पानावर कमी ओळी घे, म्हणजे तिला चष्म्याने झूम न करता वाचता येईल. पाठवल्यावर लगेच फोन करून "वाचलंस काय?" विचारू नकोस, तिला एक-दोन दिवस दे. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही तर तू कर आणि थेट पाटाचं विचार, कोण नेतोय, कधी नेतोय. काकांशी मात्र तिचं वाचून झाल्यावरच बोल, आधी नको, नाहीतर तिला बातमी भिंतीपलीकडून कळेल.